पेन्सिलीने लिहिलेलं नाव

पुण्याच्या जुन्या बाजारात मिळालेल्या त्या तबकडीचं अर्धं लेबल वाळवीने खाल्लं होतं. विकणाऱ्याने ती पालथी करून दाखवली, कारण मागच्या बाजूला गाणं नव्हतं, एक पंखवाला देवदूत उठवलेला होता. "शोभेला लावा साहेब, वाजणार नाही," तो म्हणाला. मी घेतली ती त्या देवदूतासाठीच. पंखाच्या पिसाने तबकडीवर लिहिणारा हा देवदूत ग्रामोफोन कंपनीचं जुनं बोधचिन्ह आहे. भोंग्यासमोर बसलेला कुत्रा आपल्याकडच्या रेकॉर्डांवर त्याच्या नंतर आला.

घरी आल्यावर आधी आंघोळ. ही तबकडी लाखेची असते आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून साधं पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ ब्रश एवढ्यावरच भागवायचं, लेबलाला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. वाळल्यावर भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो.

लेबलावर जे उरलं होतं त्यात कंपनीच्या नावाचा शेवट दिसत होता: 'अँड टाइपरायटर लिमिटेड'. ग्रामोफोन कंपनीने काही वर्षं टाइपरायटरही विकले आणि १९०० च्या अखेरीपासून १९०७ च्या अखेरीपर्यंत तो शब्द नावात वागवला. खाली 'हॅनोव्हर' हा शब्दही वाचता आला. फ्रेड गायसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात कंपनीचं इथलं ध्वनिमुद्रण सुरू झालं. पण तबकड्या छापून यायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरहून. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाल्यावर ही सागरी वारी संपली. म्हणजे माझी तबकडी १९०२ नंतरची आणि बहुधा १९०७ पर्यंतची. लेबलांचा जुना साठा संपेपर्यंत वापरला गेला असेल, म्हणून पुढे एक वर्ष मोकळं सोडलं.

कॅटलॉग नंबराची सुरुवात वाळवीच्या पोटात गेली होती, पण १३ हजारांच्या घरातला आकडा ओळखता आला. त्या काळी कंपनी नंबरातच गाण्याचा प्रकार सांगायची. हिंदुस्थानी पुरुष गायकांना १२ हजारांची मालिका होती, स्त्रियांना १३ हजारांची. हजार आकडे भरले की पुढे '२-', '३-' अशी आडवी रेघ देऊन तीच मालिका पुन्हा सुरू व्हायची. माझ्या लेबलावर तो पुढचा आकडाच नव्हता, म्हणून वर्ष आणखी आवळता येईना. गाणारी बाई आहे एवढं मात्र तबकडी न वाजवताच कळलं.

इथे नवखा माणूस फसतो. लेबल हा छपाईच्या वेळी दाबून बसवलेला कागद, तो ठसा कधी छापला हे सांगतो, गाणं कधी गायलं हे नाही. माझ्याकडे कुत्र्याच्या लेबलाची 'मानापमान'मधल्या पदाची एक तबकडी आहे. लेबलाची धाटणी १९३० च्या दशकातली. नाटक रंगभूमीवर आलं १९११ मध्ये, त्याआधीचं पद असणं शक्य नाही. पण वाजवली की 'स' आणि 'श' ऐकूच येत नाहीत, त्यांच्या जागी 'थ'सारखा फुसका आवाज येतो. भोंग्यात तोंड घालून गायलेल्या ध्वनिमुद्रणाची ही खूण. त्या पद्धतीत साधारण २००० ते २५०० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही उतरत नसे, आणि 'स'ची शीळ त्याहून बरीच वर असते. डग्ग्याची घुमही तशीच खालच्या बाजूला हरवते. मायक्रोफोनवरचं विद्युत ध्वनिमुद्रण पश्चिमेत १९२५ मध्ये आलं, मग आपल्याकडे. त्यानंतरच्या अनेक तबकड्यांवर लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीत नंबरापुढे छोटा त्रिकोण दिसतो, १९३१ नंतरच्या काहींवर चौकोन. माझ्या 'मानापमान'च्या तबकडीवर दोन्ही नाहीत. म्हणजे गाणं १९११ नंतरचं आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीच्या आतलं, फक्त पुन्हा छापलेलं.

देवदूताच्या तबकडीचाही खरा जन्मदाखला त्या गुळगुळीत पट्टीतच होता. तिथला मॅट्रिक्स नंबर मूळ मेणाच्या तबकडीवरच पडतो, लेबल बदललं तरी तो बदलत नाही. टॉर्च आडवी धरली, चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने फिरवली आणि आकडे पांढरे उठले.

मग वाजवायला घेतली. लाँगप्लेची सुई इथे चालत नाही, ती खोबणीच्या तळाशी खडखडत जाते. या खोबणीला तिच्या सुमारे तिप्पट जाड टोक लागतं. टर्नटेबल ७८ वर ठेवलं आणि हार्मोनियम काढली. बाईचा षड्ज काळी पाच आणि पांढरी सात यांच्या बरोबर मधे येत होता. साथीला पेटी ऐकू येत होती, आणि पेटीवाला दोन पट्ट्यांच्या मधे वाजवू शकत नाही. म्हणजे वेगच चुकीचा. १९०५ च्या सुमाराला ७८ हा आकडा पक्का ठरलेला नव्हता. तबकडी सत्तरपासून ऐंशीच्या पुढेही फिरवून मुद्रण व्हायचं.

अर्धा स्वर म्हणजे वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक. त्यामुळे उत्तरं मोजकीच उरतात. वेग ८० च्या थोडा वर नेला तर पांढरी सात, ७६ च्या जरा खाली आणला तर काळी पाच, ७१ किंवा ७२ ला पांढरी सहा. यातला खरा वेग पेटी सांगू शकत नाही, कारण ती तिन्ही ठिकाणी जुळते. तो सांगितला बोलण्याने. गाण्याच्या शेवटी बाई आपलं नाव उच्चारतात. हॅनोव्हरच्या कारागिरांना आपली भाषा येत नसे, कोणतं लेबल कुणाचं हे कळावं म्हणून ही पद्धत पडली. ८० वर ते बोलणं लहान मुलीचं वाटलं, ७१ वर झोपेतलं. ७६ ला एक बाई बोलली. जुन्या पेट्यांचं ट्यूनिंग आजच्याशी तंतोतंत जुळेल याची खात्री नाही, म्हणून वहीत 'सुमारे ७६' असंच लिहिलं.

नावातलं शेवटचं 'बाई' स्वच्छ ऐकू आलं, आधीचं खरखरीत बुडालं. तेव्हा मायकेल किनिअर यांची ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळातल्या हिंदुस्थानी मुद्रणांची सूची उघडली. माझा मॅट्रिक्स नंबर तिथे सापडला नाही, पण त्याचे शेजारी सापडले. एकाच तंत्रज्ञाचे एका मापाचे नंबर ओळीने चालतात, आणि कलाकार एकदा भोंग्यासमोर बसला की बहुधा पाच-सात गाणी गाऊनच उठतो. माझ्या नंबराच्या आधीचे दोन आणि नंतरचा एक, तिन्ही एकाच बाईंचे आहेत. ऐकू आलेल्या नावाच्या शेवटाशी ते जुळतं. पण त्या दिवशी मधेच दुसरी गायिका बसली नव्हती, असं सूची सांगत नाही.

म्हणून माझ्या वहीत दोन प्रकारची नोंद असते. एकबाजू दहा इंची तबकडी, स्त्री आवाज, भोंग्याचं मुद्रण, हॅनोव्हरची छपाई, १९०२ ते १९०८, हे शाईने लिहिलं आहे. वेग आणि नाव पेन्सिलीने. ते नाव इथे देत नाही, कारण पेन्सिलीचं नाव एकदा छापलं गेलं की पुढचा माणूस ते शाईचं समजून उतरवून घेतो.