जुना कोड पाडायचा की डागडुजी करायची?

नेटस्केपचा 4.0 हा ब्राउझर जून 1997 मध्ये आला आणि 6.0 आला थेट नोव्हेंबर 2000 मध्ये. पाचवी आवृत्ती बाजारात आलीच नाही. कंपनीने 1998 च्या ऑक्टोबरात जुना कोड बाजूला ठेवून ब्राउझर नव्याने लिहायला घेतला होता. तो पुरा होईपर्यंत मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर पुढे निघून गेला.

एप्रिल 2000 मध्ये जोएल स्पॉल्स्की या प्रोग्रॅमरने यावर एक लेख लिहिला. मायक्रोसॉफ्टमध्ये त्याने एक्सेलवर काम केले होते. चालता प्रोग्रॅम मोडून पहिल्यापासून लिहायला घेणे ही सॉफ्टवेअर कंपनीची सर्वांत वाईट चूक, असे त्याने बेधडक म्हटले.

त्याचे उदाहरण साधे आहे. स्क्रीनवर एक खिडकी दाखवण्याचे काम, आणि त्यासाठी दोन पानी कोड! नवा प्रोग्रॅमर तो पाहून नाक मुरडतो. पण त्यातल्या वेड्यावाकड्या ओळी म्हणजे एकेक दुरुस्ती असते. मेमरी कमी पडली तर काय करायचे ते एका ओळीत असते. फाइल उघडी असतानाच कुणी फ्लॉपी ओढून काढली तर काय, ते दुसरीत. यातला प्रत्येक दोष आधी कुणा ग्राहकाला भोवलेला असतो, मग तो शोधायला दिवस गेलेले असतात. कोड फेकला की हे सगळे ज्ञानही जाते. मग तो टाकाऊ का वाटतो? दुसऱ्याचा कोड वाचणे हे स्वतः लिहिण्यापेक्षा अवघड असते म्हणून, असे स्पॉल्स्की म्हणतो. कुणाचा जुना प्रोग्रॅम सांभाळलेल्या माणसाला हे निराळे पटवून द्यावे लागत नाही.

तरी नेटस्केपवर सगळे खापर फोडणे अन्यायाचे होईल. मायक्रोसॉफ्ट आपला ब्राउझर विंडोजसोबत फुकट देत होती. शिवाय जुन्या कोडचा पायाच तोकडा होता: खिडकीचा आकार बदलला तरी नेटस्केप 4 अख्खे पान पुन्हा लोड करी. अशा ठिकाणी दुरुस्त्या किती आणि कुठे करणार? नव्याने लिहिलेल्या ‘गेको’ इंजिनावरच पुढे, 2004 च्या नोव्हेंबरात, फायरफॉक्स 1.0 उभा राहिला. पण तोवर नेटस्केप कंपनी एओएलच्या पोटात गेली होती. कोड जगला, मालक गेला. म्हणून धंद्याच्या हिशेबात स्पॉल्स्कीचेच म्हणणे खरे ठरते.

पुढे फायरफॉक्सनेही जुने बदललेच, पण तुकड्यातुकड्याने. 2017 च्या नोव्हेंबरात आलेल्या फायरफॉक्स 57 मध्ये पानाची सजावट ठरवणारा भाग तेवढा काढून रस्ट भाषेत लिहिलेला नवा भाग बसवला. बाकीचा गेको जागच्या जागी राहिला.