ब्रशवर रक्त दिसलं की

दात घासताना फेस गुलाबी झाला, की बहुतेक लोक त्या जागेला ब्रश लावायचंच सोडून देतात. दुखऱ्या जागेला हात लावू नये, हा आपला साधा हिशेब. हिरडीच्या बाबतीत तो उलटा पडतो. निरोगी हिरडीवरून मऊ ब्रश नीट फिरवला तर रक्त येत नाही. ते येतं सुजलेल्या हिरडीतून, आणि ती सुजलेली असते कारण बहुधा त्याच जागी ब्रश पोचत नव्हता. आता भीतीने जो काही पोचत होता तोही बंद झाला, की सूज वाढते, रक्त आणखी येतं आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते.

दात आणि हिरडी जिथे भेटतात त्या कडेवर रोज जंतूंचा एक मऊ, चिकट, पांढरट थर बसतो. डेंटिस्ट त्याला प्लाक म्हणतात. नखाने दाताच्या बुडाशी खरवडून पाहिलं तर नखावर जे येतं तेच ते. एवढ्याशा थराने हिरडी सुजते का, याचा उलगडा डेन्मार्कमधल्या आरहूस इथे हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात हिरड्या चांगल्या असलेल्या १२ जणांना दात घासणं पूर्ण बंद करायला सांगितलं होतं. त्यातले बरेचसे दंतवैद्यकाचेच विद्यार्थी होते. काहींच्या हिरड्या दहा दिवसांत सुजल्या, उरलेल्यांच्या तीन आठवड्यांच्या आत. एकही सुटला नाही. मग त्यांना पुन्हा नीट दात घासायला लावलं आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. कुठलंही औषध दिलं नव्हतं. माझ्या मते हिरड्यांबद्दल सामान्य माणसाला माहीत असावी अशी ही सर्वांत कामाची गोष्ट आहे. सूज नवी असेल, तर ती घरीच परतते.

अट एकच, ब्रश त्या कडेला लागला पाहिजे. पाकिटावर ‘सॉफ्ट’ लिहिलेला ब्रश घ्यावा. तो मुठीत न आवळता बोटांच्या टोकांत धरला, की जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीकडे तिरपे करायचे, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर टेकतील असे. मग तिथल्या तिथे थरथरल्यासारखी अगदी छोटी हालचाल दहा-बारा वेळा करायची आणि पुढच्या दोन-तीन दातांवर सरकायचं. आडवा करवतीसारखा ब्रश चालवला तर दातांचा फुगीर भाग चकचकीत होतो, कडेचा थर मात्र तसाच राहतो. खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू जवळजवळ सगळेच विसरतात. तिथे ब्रश उभा धरावा लागतो. ब्रशचे केस महिन्याभरात फेंदारले, तर हात जड पडतोय असं समजावं. दातांच्या मधल्या फटीत ब्रश जातच नाही; तिथे रात्री एकदा फ्लॉस किंवा बाटली घासायच्या ब्रशची चिमुकली आवृत्ती असते तसा इंटरडेंटल ब्रश वापरावा. टाचणी आणि सेफ्टीपिन नको.

असं सुरू केल्यावर पहिले काही दिवस रक्त येईलच, कदाचित आधीपेक्षा थोडं जास्त. तरी हात हलका ठेवून चालू ठेवायचं. आठ-दहा दिवसांत ते कमी होताना दिसतं.

आता मिठाचं पाणी. आजीने सांगितलेला हा उपाय डॉक्टरही सांगतात, पण दोघांच्या मनातलं काम वेगळं असतं. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून पूर्ण विरघळू द्यायचं. घोटभर पाणी तोंडात घेऊन अर्धा मिनिट दोन्ही गालांत खळखळवायचं आणि थुंकायचं. जेवणानंतर, दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. खारट पाणी सुजलेल्या हिरडीतलं पाणी थोडं ओढून घेतं, अडकलेले अन्नकण वाहून जातात आणि ठणका कमी होतो. दातांना चिकटलेला थर मात्र त्याने सुटत नाही; तो घासूनच काढावा लागतो. गंमत अशी, की चूळ भरून दुखणं कमी झालं की माणूस बरं वाटलं म्हणून थांबतो आणि थर आपलं काम चालू ठेवतो. मीठ जास्त घातलं तर गुण जास्त येत नाही, तोंड तेवढं झोंबतं. कोरडं मीठ बोटाने हिरड्यांवर चोळणाऱ्यांनी तर ते थांबवावंच. खड्यांनी हिरडी सोलते आणि दाताची मान झिजते. ब्लडप्रेशरवाल्यांनी चूळ गिळू नये, एवढंच पथ्य.

दोन आठवडे नीट घासलं, मधल्या फटीही साफ केल्या, तरी रक्त थांबत नसेल, तर बहुधा ब्रशच्या आवाक्याबाहेरचं काहीतरी तिथे आहे. ते म्हणजे किटण. काढायचा राहिलेला मऊ थर लाळेतले क्षार शोषून काही दिवसांत दगडासारखा कडक होतो. लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिथे उघडतात तिथे तो आधी दिसतो, म्हणजे खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. खालच्या दातांमागून जीभ फिरवली आणि प्रत्येक दात सुटा न लागता एकसलग खडबडीत कठडा लागला, तर ते किटण. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर नवा थर पटकन बसतो आणि चक्र चालू राहतं. लिंबू आणि खायच्या सोड्याने ते सुटत नाही. आम्लाने दाताचं वरचं आवरणच मऊ पडतं.

चार-पाच पेशंटचं मिळून एक उदाहरण सांगते. अठ्ठेचाळीस वर्षांच्या काकू. दोन महिने रक्त येतंय, महिनाभर मिठाच्या चुळा चालू आहेत. “रक्त कमी झालंय हो डॉक्टर, पण तोंडाला वास येतो आणि खालचे दात लांब झाल्यासारखे वाटतात,” अशी तक्रार. तपासताना एक बारीक, बोथट टोकाची सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलकेच सरकवतात. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात. निरोगी हिरडीत ती एक ते तीन मिलिमीटर आत जाते. काकूंच्या पुढच्या दातांना तीन-चार भरलं, पण उजव्या वरच्या दाढांना पाच आणि सहा. एवढ्या खोल फटीला आम्ही पॉकेट म्हणतो, आणि तिथे ब्रशही पोचत नाही, मिठाचं पाणीही नाही. एक्स-रेमध्ये त्या दाढांभोवतीचं हाड थोडं खाली गेलेलं दिसलं. म्हणजे सूज हिरडीपुरती राहिली नव्हती.

प्रत्येकाचं असंच होतं असं नाही. याच लो यांनी १९७० पासून पंधरा वर्षं श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या ४८० कामगारांच्या हिरड्या पाहिल्या. त्यांना ना ब्रश, ना दातांचा डॉक्टर. सगळ्यांच्याच दातांवर थर, सगळ्यांच्याच हिरड्या सुजलेल्या. तरी सुमारे ११ टक्के लोकांचं दुखणं हिरडीच्या पुढे गेलंच नाही आणि साधारण ८ टक्क्यांचं हाड झपाट्याने गेलं. आरशात पाहून आपण कुठल्या गटात, हे कळत नाही. म्हणून ती सळई लागते.

काकूंचं काम तीन बैठकांत झालं. पहिल्यांदा पाण्याच्या फवाऱ्यासह थरथरणाऱ्या यंत्राने सगळ्या दातांवरचं दिसणारं किटण काढलं. यालाच लोक क्लीनिंग म्हणतात. सूज हिरडीपुरतीच असती तर एवढ्यावर भागलं असतं. पुढच्या दोन वेळी भूल देऊन पॉकेटच्या आतली, मुळावरची किटणं खरवडून काढली. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. “दातांत फटी पडल्या, थंड पाणी झणझणतंय. सगळे म्हणत होते तेच झालं ना, मशीनने दात ढिले झाले!” ही समजूत इतकी पक्की आहे की तिच्यापायी लोक वर्षानुवर्षं क्लीनिंग टाळतात. फटी आधीपासूनच होत्या; त्यात किटण भरलेलं होतं आणि सुजलेल्या हिरडीने त्या झाकल्या होत्या. हाड गेल्यामुळे सैल झालेले दात किटणाच्या आधाराने एकमेकांना बांधलेले असतात, ते सुटलं की खरी हालचाल जाणवते. झणझण बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत कमी होते. तेवढे दिवस संवेदनशील दातांची पेस्ट वापरायची. क्लीनिंगनंतरचे दोन-तीन दिवस मिठाच्या चुळा खरोखर उपयोगी पडतात.

सहा आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा पाच-सहाच्या जागी चार होतं, एका दाढेला अजून पाच. गेलेलं हाड अशा सफाईने परत येत नाही. हिरडी दाताला घट्ट बसते आणि पुढची घसरण थांबते. काकूंना दर तीन महिन्यांनी बोलावलं आहे. हाड शाबूत असलेल्या माणसाला सहा महिन्यांनी किंवा वर्षानेही चालतं.

काहींनी दोन आठवडे वाट पाहू नये. ब्रश न लावता आपोआप रक्त येतं, थांबत नाही, सोबत ताप आहे किंवा अंगावर काळेनिळे डाग उठतात, तर आधी फिजिशियनकडे जाऊन रक्ततपासणी करावी. हिरडीतून पू येणं, दात हलणं, गालावर सूज असेल तर थेट डेंटिस्ट. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात येईपर्यंत हिरड्याही नीट ऐकत नाहीत. ब्लडप्रेशरसाठी घेतलेल्या अॅम्लोडिपिनने आणि फिटच्या फेनिटॉइनने काहींच्या हिरड्या जाड होतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्त जास्त वाहतं. डेंटिस्टला हे सांगायचं, गोळी मनाने बंद करायची नाही. गरोदरपणात हिरड्या लवकर सुजतात, आणि त्या काळात क्लीनिंग करता येतं. चौथा ते सहावा महिना सोयीचा.

रक्त येत नाही म्हणजे हिरडी चांगली, असंही धरून चालू नये. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतलं रक्त कमी दिसतं आणि आत पॉकेट खोल होत जातं. ओढणं सोडल्यावर काही आठवडे रक्त उलट वाढतं. त्याला घाबरून अनेक जण पुन्हा ओढायला लागतात. ते रक्त हिरडी पूर्वीसारखी वागू लागल्याचं लक्षण असतं. गावाकडे बायका दात घासायला मिश्री लावतात, तिची कथा जरा वेगळी. भाजलेल्या तंबाखूची ती पूड रोज चोळून हिरडी खाली सरकते आणि मुळं उघडी पडतात. मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडात पॉकेट मोजण्याआधी मी गालाच्या आतली बाजू आणि ओठाचा खळगा पाहते. तिथे पुसून न जाणारा पांढरा चट्टा दिसला, तर किटणाचं काम नंतर. आधी त्या चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो.