सही झाली, पण नोंद झाली का?

आपल्याकडे रुग्णालयातून डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घरी जाणाऱ्या रुग्णाकडून एक छापील कागद भरून घेतात. ‘मी माझ्या जबाबदारीवर रुग्णालय सोडत आहे, पुढील परिणामांस डॉक्टर व रुग्णालय जबाबदार राहणार नाही,’ एवढाच मजकूर आणि त्याखाली सही. कर्मचारी त्याला ‘लामा’ किंवा ‘डामा’ म्हणतात. कागद घेऊन रुग्ण निघून जातो आणि उभयपक्षी समजूत अशी होते की, संबंध संपला. वस्तुतः ज्या सहीमागे तपशील नाही, तिची किंमत व्यापाऱ्याला वेगळी सांगावी लागत नाही. कोणता माल, किती, कोणत्या भावाने हे न लिहिता घेतलेली सही कोणत्या पेढीवर चालेल?

अनेक रुग्णालयांत घडणाऱ्या अशा प्रसंगांचे एक प्रातिनिधिक रूप पाहू. तालुक्याच्या गावचे एक भुसार व्यापारी, वय ५८, मधुमेहावर गोळ्या चालू. सकाळी साडेनऊला गोदामात उभे असता त्यांच्या छातीवर दडपण आले, घाम फुटला. वीस मिनिटांनी बरे वाटले. मुलाने आग्रहाने रुग्णालयात नेले. पहिल्या ईसीजीत स्पष्ट बदल नव्हता. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणाऱ्या ट्रोपोनिन या घटकाची तपासणीही अकरा वाजता सामान्य आली. शेठजी म्हणाले, “रिपोर्ट चांगले आहेत, दुखणेही थांबले. दुपारी सोयाबीनच्या दोन गाड्या यायच्या आहेत. मला सोडा.”

येथेच खरी अडचण आहे. ट्रोपोनिन रक्तात दिसू लागण्यास काही तास लागतात. त्यामुळे वेदना सुरू झाल्यावर लवकर केलेली एकच तपासणी निर्णायक नसते. ती काही तासांनी पुन्हा करावी लागते, सोबत ईसीजीही पुन्हा काढावा लागतो. मधुमेही माणसाला वेदना कमी जाणवू शकतात, म्हणून ‘आता दुखत नाही’ याचाही फारसा भरवसा धरता येत नाही.

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवला नाही. ते खुर्ची ओढून बसले. प्रथम त्यांनी जाण्याचे कारण विचारले. गोदामाच्या किल्ल्या शेठजींच्या खिशात होत्या आणि हमालांची मजुरी त्यांनाच चुकती करायची होती. किल्ल्या पुतण्याकडे द्याव्यात, असे डॉक्टरांनी सुचवले. रात्रभर राहणे जमत नसेल, तर निदान दुसरी तपासणी होईपर्यंत, पाच वाजेपर्यंत तरी थांबावे, असा मधला मार्गही पुढे ठेवला. पुष्कळदा एवढ्यावरच रुग्ण थांबतो. शेठजी थांबले नाहीत.

मग प्रश्न आला निर्णयक्षमतेचा. सज्ञान व शुद्धीवरील माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे, मग तो निर्णय इतरांना कितीही अयोग्य वाटो. मात्र रक्तातील साखर घसरलेली असणे, प्राणवायू कमी पडणे, तीव्र ताप, डोक्याला मार किंवा मद्याचा अंमल अशा स्थितीत माणूस बोलतो, पण तोलून ठरवू शकत नाही. अशा वेळी ‘मला जायचे आहे’ हे शब्द निर्णय ठरत नाहीत. डॉक्टरांनी साखर व प्राणवायूची पातळी पाहिली आणि विचारले, “शेठजी, तुम्ही आता गेलात तर काय होऊ शकते, ते तुमच्या शब्दांत सांगा पाहू.” शेठजी म्हणाले, “अटॅक असू शकतो. रिपोर्टमध्ये अजून आला नसेल. घरी किंवा वाटेत जीवही जाऊ शकतो. पण मला जायचे आहे.” हे उत्तर डॉक्टरांनी जसेच्या तसे टिपून घेतले.

तेवढ्यात मुलगा सही करण्यास पुढे झाला. आपल्या घरांत ही चाल रूढ आहे. वडील बाजूला बसतात आणि मुलगा किंवा जावई सही करतो. परंतु वडील शुद्धीवर व समजते असतील, तर त्यांच्याऐवजी दुसऱ्याची सही चालत नाही. मुलगा साक्षीदार होऊ शकतो, निर्णयकर्ता नव्हे.

त्या दिवशीच्या केसपेपरवर पुढील नोंद झाली:

“दुपारी १२.४०. छातीत दडपण, घाम, २० मिनिटे. सध्या वेदना नाही. पहिला ईसीजी व पहिले ट्रोपोनिन सामान्य. हृदयविकाराचा झटका अद्याप नाकारता येत नाही. रुग्ण शुद्धीवर, साखर व प्राणवायू समाधानकारक, निर्णय घेण्यास समर्थ. झटका, हृदयाची लय बिघडणे व मृत्यू हे धोके मराठीत, मुलासमक्ष समजावले. रुग्णाने स्वतःच्या शब्दांत परत सांगितले. जाण्याचे कारण: दुकानाचे काम. पाच वाजेपर्यंत थांबण्याचा पर्याय दिला, नाकारला. ॲस्पिरिन ३२५ मि.ग्रॅ. चावून खाण्यास दिली. पुढील गोळ्या लिहून दिल्या. ईसीजी व रक्ततपासणीच्या प्रती दिल्या. केव्हाही परत येण्यास सांगितले. उद्या सकाळी १० वाजता तपासणीची वेळ दिली.”

शेठजींनी सही केली. त्यांनी सही नाकारली असती, तर ‘सही करण्यास नकार’ असे वेळेसह लिहून साक्षीदाराची सही घेणे पुरेसे झाले असते. सही मिळावी म्हणून रुग्णाला अडवून ठेवता येत नाही.

या नोंदीतील शेवटची वाक्ये बहुतेक ठिकाणी गळतात. रुग्णाने ऐकले नाही म्हणून गोळ्या लिहून न देणे, रिपोर्ट हाती न देणे, ‘आता पुन्हा येऊ नका’ असे सुनावणे, हे रागाचे वर्तन झाले. रुग्णाने एक सल्ला नाकारला म्हणजे सर्व उपचार नाकारले, असे होत नाही. राहिलेल्या मार्गांपैकी त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग दाखवणे हे डॉक्टरांचे काम उरतेच. रिपोर्टांविषयी वैद्यक परिषदेचे २००२ चे नियमही स्पष्ट आहेत: रुग्णाने वा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास नोंदींच्या प्रती ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात.

निघताना मुलाच्या हाती एक चिठ्ठी दिली गेली. तीत चारच गोष्टी होत्या: दडपण, घाम किंवा धाप पुन्हा सुरू झाल्यास वाट पाहू नये, स्वतः गाडी चालवू नये, १०८ ला फोन करावा, जवळचे जे रुग्णालय असेल तेथे हे कागद घेऊन जावे.

रात्री नऊला दडपण परतले. “पित्त असेल,” शेठजी म्हणाले. मुलाने चिठ्ठी पाहिली आणि १०८ ला फोन लावला. गाडीने त्यांना दुसऱ्याच रुग्णालयात नेले. तेथील डॉक्टरांनी सकाळचा ईसीजी नव्या ईसीजीशेजारी ठेवला. बदल उघड दिसत होता. ॲस्पिरिन केव्हा व किती दिली, हेही लिहिलेले होते. कोणाला काही आठवून सांगावे लागले नाही. उपचार लगेच सुरू झाले.

सकाळच्या रुग्णालयातून दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. शेठजी न आल्याचे पाहून परिचारिकेने चौकशी केली होती. मुलाने हकिगत सांगितली. तिने ती वेळेसह त्याच केसपेपरवर, सहीच्या खाली लिहून ठेवली.