विश्लेषण : गच्चीवरची वायरलेस लिंक भरदुपारीच का मंदावते?

सकाळी व्यवस्थित चालणारे इंटरनेट बारा वाजले की अडखळते आणि चार-साडेचारनंतर आपोआप सुधारते. ठाणे, डोंबिवली, कल्याण पट्ट्यात दोन इमारतींच्या गच्च्यांवर समोरासमोर डिश लावून इंटरनेट पोहोचवणाऱ्या छोट्या सेवा पुरवठादारांकडे उन्हाळ्यात अशा तक्रारी येतात. ‘उन्हाने मशीन तापते’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. ते कधी कधी खरे असते. पण बऱ्याचदा ऊन निमित्त असते आणि मूळ दोष डिश बसवली त्या दिवसापासून तिथेच असतो.

ही लिंक असते तरी काय?

रस्ता खोदून फायबर टाकायला परवानगी, पैसा आणि वेळ लागतो. त्यामुळे फायबर जिथे पोहोचले आहे त्या इमारतीवर एक डिश आणि जिथे पोहोचवायचे आहे त्या इमारतीवर दुसरी, अशी जोडी लावली जाते. यातील बहुतेक जोड्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालतात, कारण तिथे परवाना लागत नाही. २०१८च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. त्यातील ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ या भागात डिशच्या तोंडातून बाहेर पडणारी ताकद जास्तीत जास्त चार वॉट इतकी चालते. घरातला वाय-फाय राऊटर, सोसायटीचे वायरलेस सीसीटीव्ही आणि शेजारच्या पुरवठादाराची डिशही याच पट्ट्यात बोलत असतात. परवानामुक्त असल्याने कुणालाच संरक्षण नाही. दुसऱ्याचा त्रास होतो म्हणून दाद मागता येत नाही.

दोष शोधायचा कुठून?

डिशच्या पडद्यावर दोन आकडे दिसतात. एक समोरून येणाऱ्या सिग्नलचा, दुसरा आजूबाजूच्या रेडिओ गोंगाटाचा. दोन्ही ‘डीबीएम’मध्ये आणि दोन्ही उणे. उणे ५६ हा उणे ६४ पेक्षा बलवान. लिंकचा वेग सिग्नल किती मोठा यावर ठरत नाही, तो या दोन आकड्यांतल्या अंतरावर ठरतो. अंतर २५ डेसिबलच्या पुढे असेल तर लिंक चांगल्या वेगाने चालते. ते १३-१४ वर आले की यंत्र स्वतःच सावध, संथ पद्धतीकडे वळते आणि वेग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

म्हणून पहिले काम शिडी चढण्याचे नव्हे. दोन्ही टोकांचे हे दोन आकडे दर पाच मिनिटांनी, निदान आठवडाभर नोंदवून ठेवायचे. दुपारी सिग्नलची रेषा खाली येत असेल तर दोष डिश, खांब किंवा मधल्या वाटेत आहे. सिग्नल स्थिर आणि गोंगाट वर चढत असेल तर तो व्यत्यय आहे. दोन्ही रेषा सपाट आणि तरीही वेग कमी, तर हवेतल्या लिंकला दोष देण्यात अर्थ नाही. उन्हात वाळलेली नेटवर्क केबल, पत्र्याच्या पेटीत तापलेला पॉवर अडॅप्टर किंवा फायबरकडच्या बाजूची गर्दी तपासावी. दुपारी केबलचा वेग १०० किंवा १० मेगाबिटवर घसरल्याची नोंद यंत्राच्या माहितीत सापडते.

आठवडाभर कशासाठी?

कारण दिवसांची तुलना बरेच काही सांगून जाते. ढगाळ दिवशी तक्रार गायब झाली तर उष्णतेवर संशय घ्यावा. रविवारी गायब झाली तर माणसांवर. कार्यालये, एमआयडीसीतले कारखाने, क्लास यांची यंत्रे रविवारी शांत असतात. बांधकामावरची क्रेनही तेव्हा थांबलेली असण्याची शक्यता जास्त. टॉवर आणि मेट्रोची कामे सुरू असलेल्या या पट्ट्यात लिंकच्या वाटेत दिवसा फिरणारा क्रेनचा हात ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

तिसरी शक्यता खाडीची. डोंबिवलीतून उल्हास खाडी ओलांडून माणकोलीकडे जाणारी लिंक असेल, तर पाण्यावरून परावर्तित होणारी लहर थेट लहरीत मिसळते आणि भरती-ओहोटीनुसार सिग्नल वरखाली होतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून बिघाडाची वेळही सरकत जाते. रोज बरोबर बाराला होणारा बिघाड खाडीचा नसतो.

एक शक्यता मात्र जवळपास सोडून द्यायला हरकत नाही. हवेच्या थरांमुळे लहरी वाकतात आणि सिग्नल खचतो, हे खरे; पण ते मुख्यतः रात्री आणि पहाटे, वारा पडलेला असताना होते. भरदुपारी हवा चांगली घुसळलेली असते आणि दोन-चार किलोमीटरच्या लिंकवर त्याचा परिणाम नगण्य असतो.

‘फेड मार्जिन’ म्हणजे काय?

वाईट वेळेसाठी हाताशी ठेवलेली राखीव ताकद. एका नमुना लिंकवर हिशेब करून पाहू. डोंबिवली पूर्व आणि कल्याण पूर्व येथील दोन इमारती, हवाई अंतर तीन किलोमीटर, दोन्हीकडे २५ डेसिबल क्षमतेच्या डिश, बाहेर पडणारी ताकद नियमाच्या कमाल मर्यादेइतकी, म्हणजे ३६ डीबीएम. ५.८ गिगाहर्ट्झला मोकळ्या हवेत तीन किलोमीटरमध्ये सुमारे ११७ डेसिबल खर्ची पडतात. ३६ मधून ११७ वजा केले आणि समोरच्या डिशचे २५ मिळवले, की उत्तर येते उणे ५६. कागदावर एवढा सिग्नल यायलाच हवा. प्रत्यक्षात दोन-तीन डेसिबलचा फरक चालतो.

समजा, पडद्यावर दिसतात उणे ६४. आठ डेसिबल गायब आहेत, पण कुणाच्या लक्षात येत नाही. कारण रात्री गोंगाट उणे ९२ असतो, म्हणजे अंतर २८ मिळते आणि लिंक धावते. हवेत २५, आहेत २८. राखीव फक्त तीन. दुपारी आजूबाजूच्या यंत्रांनी गोंगाट उणे ७८ वर नेला आणि उन्हाने सिग्नल एका डेसिबलने उतरला की अंतर उरते १३. तक्रार दुपारची, पण आठ डेसिबल हरवले होते डिश बसवली तेव्हाच.

माहितीपत्रकातला फेड मार्जिन इथे फसवतो. तो शांत आकाश धरून काढलेला असतो. शहरात तो दुपारच्या गोंगाटापासून मोजावा लागतो.

उन्हाने डिश हलते का?

हलते, पण किती हे पाहायला हवे. दोन इंची लोखंडी पाइपच्या उन्हाकडच्या आणि सावलीकडच्या बाजूंत दहा अंश सेल्सियसचा फरक पडला, तर तीन मीटर उंचीवर पाइप अर्ध्या अंशाच्या आतच वाकतो. या डिशचा झोत आठ-नऊ अंश रुंद असतो. झोताच्या मध्यावर नेम असेल तर अर्ध्या अंशाने काहीच बिघडत नाही. पण आठ डेसिबल हरवले आहेत याचा अर्थ डिश सहा-सात अंश वाकडी आहे, झोताच्या उतारावर उभी आहे. तिथे तोच अर्धा अंश एक डेसिबल खातो. शिवाय यंत्र तापल्यावर त्याची ताकद आणखी एखाद-दोन डेसिबल उतरू शकते.

वाकडी डिश सरळ करताना होणारी नेहमीची चूक म्हणजे आकडा ‘बरा’ दिसला की नट आवळणे. मुख्य झोताच्या दोन्ही बाजूंना छोटे उपझोतही असतात. त्यावर नेम बसला तरी सिग्नल मिळतो, पण पंधरा-वीस डेसिबल कमी. म्हणून डिश हळूहळू फिरवत शिखर ओलांडून पुढे न्यायची, सिग्नल स्पष्ट खाली आल्यावर परत आणायची आणि दोन्ही उतारांच्या मध्यावर थांबायचे. आधी आडवी, मग उभी दिशा. एका टोकाचे काम पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्या टोकाला हात लावू नये. उभ्या आणि आडव्या लहरींचे आकडे पडद्यावर वेगळे दिसतात. त्यांत तीनहून जास्त डेसिबलचा फरक असेल तर जोडणीत पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. शेवटी हिशेबातल्या उणे ५६ शी ताळा.

समोरची गच्ची डोळ्यांना दिसते म्हणजे वाट मोकळी आहे, असे नाही. तीन किलोमीटरच्या लिंकच्या मध्यावर दृष्टिरेषेभोवती किमान पावणेचार मीटर जागा मोकळी लागते. गच्चीवर नंतर चढवलेले पत्र्याचे शेड आणि वाढलेले मजले नेमके तिथेच येतात.

व्यत्यय कसा पकडायचा?

व्यत्यय ऐकणाऱ्याला होतो, बोलणाऱ्याला नाही. फक्त डाउनलोड मंदावत असेल तर त्रास ग्राहकाच्या गच्चीवर आहे, फक्त अपलोड मंदावत असेल तर फायबरच्या इमारतीवर. एवढ्यावरून कोणत्या गच्चीवर जायचे ते ठरते. त्या टोकाला यंत्रातील स्पेक्ट्रम स्कॅन चालवावा, आणि तो दुपारीच. अनेक यंत्रांत स्कॅन चालू असताना लिंक तुटते म्हणून तो रात्री केला जातो आणि सगळे चॅनेल स्वच्छ दिसतात.

ठाणे परिसरात एक वेगळा प्रकारही ध्यानात ठेवावा लागतो. मुंबईत वेरावली येथे हवामान खात्याचे सी-बँड डॉप्लर रडार २०२२ पासून आहे. अशी हवामान रडारे ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. रडारची चाहूल लागली की त्या भागातले चॅनेल सोडण्याची सोय डिशमध्ये असते. मग नव्या चॅनेलवर निदान मिनिटभर कानोसा घेऊनच ती बोलते. इथे वेग मंदावत नाही, लिंक पूर्ण तुटते आणि दुसऱ्याच चॅनेलवर परतते. यंत्राच्या नोंदवहीत तसा शेरा मिळतो.

आधी काय दुरुस्त करायचे?

नमुना लिंकमध्ये डिश सरळ केल्यावर सिग्नल उणे ५६ झाला. गोंगाट तोच, उणे ७८, तरी दुपारचे अंतर १३ वरून २२ वर आले. दुपारच्या स्कॅनमध्ये सापडलेल्या कमी गर्दीच्या चॅनेलवर गोंगाट उणे ८६ असेल, तर अंतर ३० होते आणि भरदुपारी पाच डेसिबल राखीव राहतात. असे चॅनेल सापडलेच नाही तर रुंदी ४० वरून २० मेगाहर्ट्झ करता येते. गोंगाट साधारण तीन डेसिबलने घटतो, पण कमाल वेग निम्मा होतो.

ताकद वाढवणे हा मात्र उपाय नाही. चार वॉटची मर्यादा गाठलेली असते, आणि ती ओलांडली तर शेजारचाही तेच करतो. सर्वांचा गोंगाट वाढतो. मोठी डिश लावली तर तिचा झोत अरुंद असतो आणि बाजूचा आवाज कमी ऐकू येतो, फक्त पाठवण्याची ताकद त्या प्रमाणात उतरवावी लागते. अरुंद झोताला खांबही मजबूत हवा. पाण्याच्या टाकीच्या शिडीला तारेने बांधलेला पाइप चालत नाही.