काय पाहायचं आहे, ते पत्रात लिहा

बी.फार्म.च्या तिसऱ्या वर्षापर्यंत विद्यार्थ्याला औषधांचे गुणधर्म बऱ्यापैकी माहीत झालेले असतात. तेच औषध रुग्णालयाच्या भांडारातून खाटेवरच्या रुग्णापर्यंत कसं जातं, हे मात्र वर्गात दिसत नाही. ते जवळून पाहण्यासाठी ऑब्झर्वरशिप मागता येते. चार-आठ दिवस औषधविभागात थांबायचं आणि फक्त पाहायचं. औषध काढून द्यायचं नाही, रुग्णाला सल्लाही द्यायचा नाही. डी.फार्म.नंतरचं ५०० तासांचं सक्तीचं प्रशिक्षण वेगळं. ही त्याची पळवाट नव्हे.

परवानगी विभागप्रमुखांकडे मागायची असते. ‘आपल्या नामांकित रुग्णालयात अनुभव घेण्याची इच्छा आहे’ एवढ्याच मजकुरावरून या मुलाला कुठे आणि कोणाबरोबर उभं करायचं, हे त्यांना कळत नाही. त्यापेक्षा असं लिहिलेलं पत्र मला फार मोलाचं वाटतं:

‘आदरणीय मॅडम, वॉर्डातून आलेला इंडेंट कसा तपासला जातो आणि जास्त जोखमीची औषधं वेगळी कशी ठेवली जातात, हे मला पाहायचं आहे. विशेषतः पोटॅशियम क्लोराइडची इंजेक्शनं. पाच दिवस, सकाळी दहा ते एक यावं असा विचार आहे. आपल्याला सोयीची दुसरी वेळही चालेल.’

पोटॅशियम क्लोराइडचं नाव इथे विचारपूर्वक आलं आहे. त्याची दहा मिलिलिटरची अँप्यूल दिसायला साध्या निर्जंतुक पाण्याच्या अँप्यूलसारखीच असते. हे द्रावण सलाइनमध्ये मिसळून सावकाश द्यावं लागतं. न मिसळता थेट शिरेत गेलं, तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून अनेक रुग्णालयं ते सर्वसाधारण वॉर्डात ठेवतच नाहीत. औषधविभागात त्याला वेगळा कप्पा आणि ठळक लेबल असतं आणि देताना दुसरी व्यक्ती पुन्हा तपासते. ही साखळी पाहायची आहे असं मुलीने लिहिलं, की तिला कोणत्या फार्मासिस्टजवळ उभं करायचं हे प्रमुखांना लगेच ठरवता येतं.

त्यांची दुसरी काळजी रुग्णांच्या माहितीची असते. इंडेंटवर आणि प्रिस्क्रिप्शनवर रुग्णाचं नाव, वॉर्ड, कधी आजारही दिसतो. म्हणून ‘रुग्णाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक मी वहीत उतरवणार नाही, फोटो काढणार नाही’ हे न विचारताच लिहावं. खाली वर्ष, महाविद्यालय आणि फोन क्रमांक द्यावा.

पत्र प्राचार्यांच्या सहीने जावं आणि सोबत ओळखपत्राची प्रत जोडावी. मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात ते आवक विभागात देऊन आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. आठवडाभरात उत्तर आलं नाही, तर ती प्रत घेऊन विभागात जावं, पण सकाळी नको. तेव्हा सगळ्या वॉर्डांचे इंडेंट एकदम आलेले असतात आणि प्रमुखांना मान वर करायलाही सवड नसते.