हिरव्या पाटीचा टेम्पो : घ्यावा की न घ्यावा?

डहाणू रोड स्टेशनाजवळच्या बाजारात सकाळी टेम्पोंची गर्दी असते. कोणी किराणा उतरवतो, कोणी पार्सले वाटतो. अलीकडे अशा गर्दीत एखादा टेम्पो वेगळा दिसतो. त्याच्या नंबराची पाटी हिरवी असते आणि वरचे आकडे पिवळे असतात. तो धूर सोडत नाही. उभा असला तर चालू आहे की बंद, हेही कळत नाही. हा विजेवर चालणारा टेम्पो.

मुंबई-ठाण्याकडे घरपोच माल देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी अशा गाड्या पुष्कळ घेतल्या आहेत. आपल्या तलासरी-डहाणूची कितीतरी मुले वापी, बोईसर, भिवंडी इकडे माल वाटायच्या गाड्या चालवतात. त्यांच्यापैकी एखादा घरी येऊन म्हणतो, "बाबा, आपणही विजेचा टेम्पो घेऊ. डिझेलचा खर्चच नाही!"

बाबांनी काय करावे? कर्ज काढावे का? चला, आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू आणि हिशेब करू.

टाकी केवढी?

डिझेलच्या गाडीला टाकी असते, तशी विजेच्या गाडीला बॅटरी असते. टाकी लिटरने मोजतात, बॅटरी युनिटने मोजतात. आपल्या घरच्या वीजबिलावर जे युनिट असते, तेच हे युनिट.

आपण ज्याला छोटा हत्ती म्हणतो, तो टाटा एस टेम्पो तुम्ही पाहिला असेल. त्याची विजेवरची गाडी कंपनीने 2022 साली पुढे आणली. तिच्या बॅटरीत सुमारे 21 युनिट वीज मावते. एकदा भरली की 154 किलोमीटर जाते, असे कंपनीच्या कागदावर होते.

पण कागदावरचे किलोमीटर परीक्षेच्या जागी मोजलेले असतात. रस्त्यावर तसे होत नाही. माल भरलेला असतो. चढ लागतो. महामार्गावर गाडी जोरात पळवली की बॅटरी लवकर उतरते. म्हणून आपण आपल्या हिशेबाला 154 नव्हे, 100 किलोमीटर धरू.

तेही सगळे वापरायचे नाहीत. डिझेल संपले तर कोणी बाटलीत आणून देतो. वीज बाटलीत आणता येत नाही. गाडी ओढूनच न्यावी लागते. म्हणून पाचवा हिस्सा नेहमी शिल्लक ठेवावा. राहिले 80 किलोमीटर. एका भरण्यात बिनघोर जाता येते, ते एवढे.

किलोमीटरला खर्च किती?

बॅटरी 21 युनिटांची असली, तरी ती भरताना थोडी वीज उष्णतेत वाया जाते. मीटरवर सुमारे 24 युनिट पडतात. युनिटला 10 रुपये धरले, तर 240 रुपये झाले. त्यात गाडी 100 किलोमीटर गेली. म्हणजे किलोमीटरला 2 रुपये 40 पैसे.

आता डिझेल. गावात थांबत-थांबत माल वाटणारा टेम्पो लिटरला 15 किलोमीटर जातो असे धरू. डिझेल 90 रुपये लिटर धरू. म्हणजे किलोमीटरला 6 रुपये.

फरक पडला 3 रुपये 60 पैशांचा. शिवाय विजेच्या गाडीला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, डिझेल फिल्टर नाही. त्याचे आणखी 40 पैसे धरू. एकूण बचत किलोमीटरला 4 रुपये.

मुलगा म्हणाला ते काही खोटे नाही. बचत आहे. पण हिशेब इथे संपत नाही.

महाग घेतलेली गाडी कधी फिटते?

विजेची गाडी विकत घेताना महाग पडते. डिझेलच्या तशाच गाडीपेक्षा ती 4 लाख रुपयांनी महाग आहे असे धरू. (तुम्ही दोन्ही गाड्यांचे भाव लिहून आणा आणि खरा फरक मांडा. सवलत तोंडी सांगितली तर धरू नका. कागदावर असली तरच वजा करा.)

हे जादा 4 लाख कर्जाने घेतले. व्याज दहा टक्के. पहिल्या वर्षाचे व्याजच 40,000 रुपये झाले. ते किलोमीटरमागे वाचलेल्या चार-चार रुपयांतून भरायचे आहे.

समजा, डहाणूच्या एका व्यापाऱ्याकडे तीन टेम्पो आहेत.

पहिला टेम्पो डहाणू गावात आणि आसपास फिरतो. दिवसाला 40 किलोमीटर. वर्षाचे कामाचे दिवस 300. म्हणजे वर्षाला 12,000 किलोमीटर. किलोमीटरला 4 रुपये वाचले, तर वर्षाला 48,000 वाचले. त्यातले 40,000 व्याजात गेले. उरले फक्त 8,000. अशाने जादा दिलेले 4 लाख फिटायला अठरा-एकोणीस वर्षे लागतील. तोवर गाडी तरी राहील का?

दुसरा टेम्पो बोर्डी-घोलवडपर्यंत दोन फेऱ्या करतो. दिवसाला 80 किलोमीटर. वर्षाला 24,000 किलोमीटर. बचत 96,000 रुपये. व्याज देऊन पहिल्याच वर्षी 56,000 मुद्दलात जातात. पुढे व्याज कमी होत जाते. सहा वर्षांच्या आत जादा रक्कम फिटते.

तिसरा टेम्पो चिकू घेऊन वाशीच्या बाजारात जातो. एका बाजूचेच सव्वाशे किलोमीटरहून अधिक. विजेची गाडी तिथवर एका दमात पोहोचत नाही. वाटेत भरत बसली तर बाजाराची वेळ चुकते. चिकू काही थांबत नाही.

पाहा, गंमत कशी आहे! गाडी थोडी धावली तर पैसे फिटत नाहीत. फार लांब जायची झाली तर मध्येच अडते. म्हणून विजेचा टेम्पो दुसऱ्या टेम्पोच्या कामाला योग्य. रोज ठरलेली वाट, पुष्कळ फेऱ्या आणि रात्री मुक्काम आपल्याच दारात.

वीज भरायची कुठे?

डहाणूला मोठे वीजघर आहे. तिथली वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. आपल्या घरात येते ती महावितरणची वीज. तेव्हा गावात वीजघर आहे म्हणून आपल्या दारात वीज हवी तेवढी मिळेल, असे नाही.

गाडी भरायला मोठा प्लग लागतो, ज्याला आपण 15 ॲम्पियरचा, म्हणजे पॉवर प्लग म्हणतो. तो तासाला सुमारे 3 युनिट देतो. पाचवा हिस्सा शिल्लक असलेली बॅटरी पूर्ण भरायला साडेसहा तास लागतात. रात्री दहाला लावली, तर पहाटे तयार.

पण खेड्यातल्या पुष्कळ घरांचा मंजूर भार एक किलोवॅटच असतो. गाडी एकटीच तीन किलोवॅट ओढते. म्हणून आधी महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन भार वाढवून घ्यावा. गाडी भरायला कोणता दर लागेल, तेही तिथेच विचारावे. मग वायरमनकडून मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी बसवावा. अर्थिंग तपासून घ्यावे. मंडपाची लांब, बारीक वायर जोडून गाडी कधीही भरू नये.

नीट चालले आहे की नाही, हे कसे ओळखावे? भरायला लावल्यावर अर्ध्या तासाने एमसीबी बंद करा आणि प्लगला हात लावून पाहा. कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल, किंवा पिना काळ्या पडल्या असतील, तर पुन्हा लावू नका. वायरमनला बोलवा. अशा प्लगाने घराला आग लागू शकते.

पावसाळ्यात वीज जाते. रात्री आठ तासांपैकी चार तास गेली, तर बॅटरी जेमतेम सत्तर टक्के भरते. पाचवा हिस्सा शिल्लक ठेवायचा, तर त्या दिवशी 50 किलोमीटरच जाता येईल. ड्रायव्हरने सकाळी आधी टक्के पाहावे, मग फेरी ठरवावी.

वाटेत भरले तर?

डहाणूहून चारोटीमार्गे तलासरीला जाऊन परत यायचे, तर नव्वद किलोमीटरच्या घरात होतात. आपले बिनघोर किलोमीटर 80. मग तलासरीच्या दुकानदाराकडे जेवणाच्या वेळी दोन तास गाडी लावावी. त्याच्याकडे नीट पॉवर प्लग हवा आणि त्याचे युनिटचे पैसे चुकते करावेत. दोन तासांत सुमारे 25 किलोमीटरची वीज मिळते. फेरी पुरी होते.

दुसरा मार्ग म्हणजे पैसे देऊन भरायचे चार्जिंग स्टेशन. तिथे काम लवकर होते, पण दर चढा असतो. युनिटला 20 रुपये पडले, तर किलोमीटरचा खर्च 2 रुपये 40 पैशांवरून 4 रुपये 80 पैशांवर जातो. बचतीचा मोठा भाग तिथेच संपतो. अडचणीला ते ठीक आहे. रोज तिथेच भरायचे असेल, तर गाडी घेऊ नये हे बरे.

बॅटरी म्हातारी होते

बैल म्हातारा झाला की तेवढाच नांगर ओढायला त्याला जास्त विसावा लागतो. बॅटरीचेही तसेच आहे. दरवर्षी तिच्यात थोडी कमी वीज मावते. हे एका दिवसात कळत नाही. म्हणून गाडीत एक वही ठेवावी. रोज लिहावे : निघताना किती टक्के, परतताना किती टक्के, किलोमीटर किती झाले. पहिल्या वर्षी 60 किलोमीटरच्या फेरीला 60 टक्के लागत होते आणि आता तेवढ्याच मालाला 72 लागतात, तर बॅटरी उतरली असे समजावे.

नवी बॅटरी फार महाग असते. म्हणून गाडी घेताना बॅटरीची हमी वाचून घ्यावी. ती किती वर्षांची, किती किलोमीटरची आणि बॅटरी किती उतरली तर कंपनी बदलून देते, हे तिन्ही पाहावे. आपली जादा रक्कम फिटायला जितकी वर्षे लागतात, त्याहून हमी कमी असेल, तर सौदा धोक्याचा.

आता तुमचा हिशेब करा

पुढच्या चार ओळी वहीत लिहा आणि आकडे भरा.

1. आपली गाडी रोज किती किलोमीटर धावते?
2. किलोमीटरला किती रुपये वाचतील?
3. वर्षाचे दिवस गुणून वर्षाची बचत किती?
4. जादा रकमेचे वर्षाचे व्याज किती?

तिसरा आकडा चौथ्याच्या दुपटीहून मोठा असेल आणि पहिला आकडा 80 च्या आत असेल, तर मुलाला म्हणा, "चल, गाडी पाहून येऊ." तसे नसेल, तर जुना टेम्पोच आणखी काही वर्षे चालवा. कर्जाच्या कागदावर सही आपली असते; म्हणून आकडेही आपणच मांडावेत.