ट्रेवरचे नट मोजताना

ट्रेवर नट पसरायचे, वरून रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाच्या कॅमेऱ्याने फोटो काढायचा आणि ओपनसीव्हीकडून मोजून घ्यायचे. यात निम्मं काम प्रकाशाचं. दिवा वरून लावला तर चकाकी आणि सावल्या दोन्ही आकड्यात घुसतात. म्हणून ट्रे दुधी ॲक्रिलिकचा घ्यावा आणि दिवा खालून लावावा. नट काळेभोर दिसतात. मग `THRESH_BINARY_INV` वापरून नट पांढरे, बाकी सगळं काळं करायचं. त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या कडा `findContours` शोधतं. तिथे `RETR_EXTERNAL` द्यायला विसरू नका, नाहीतर नटाचं भोकही नट म्हणून मोजलं जाईल!

खरी गोची टेकलेल्या नटांची. दोन मिळून एकच ठिपका होतो. बहुतेक नट सुटे असतील तर ठिपक्यांच्या क्षेत्रफळांचा मध्यक काढावा. समजा तो १,१५० पिक्सेल आला, तर २,३१० चा ठिपका म्हणजे दोन नट आणि १४० चा म्हणजे कचरा. ३८ ठिपक्यांत एक कचरा आणि तीन जोड्या निघाल्या, तर सुटे ३४ अधिक सहा, एकूण ४० नट.

एकावर एक चढलेले नट मात्र या हिशेबात बसत नाहीत. १,७०० सारखा अधलामधला आकडा दिसला, की ट्रे हलवा आणि पुन्हा फोटो काढा.